लांब नेटवर्क केबलवरचा प्रोजेक्टर: चित्र मध्येच दोन-तीन सेकंद का जातं आणि दोष कसा शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. चित्र चांगलं दिसतं, मध्येच पडदा काळा होतो, दोन-तीन सेकंदांनी आपोआप परत येतो. कधी तासभर काही होत नाही, कधी पाच मिनिटांत तीनदा होतं. चाचणीच्या वेळी सगळं नीट चालतं आणि सभागृह भरलं की गडबड सुरू होते. मग कोणी एक्स्टेंडर, म्हणजे एचडीएमआयचा सिग्नल नेटवर्क केबलवरून लांब नेणारे दोन डबे, बदलतं, कोणी प्रोजेक्टरला दोष देतं, कोणी एचडीएमआय केबल नवी आणतं. काही दिवस बरं वाटतं आणि तक्रार पुन्हा हजर होते.

असा दोष परत परत येतो, कारण बहुतेक वेळा तिथे एकच कारण नसतं. दोन-तीन छोट्या उणिवा एकत्र येऊन जोडणी अगदी काठावर चाललेली असते. त्यातली एक काढली की जोडणी काठापासून जरा आत सरकते, पण पुरेशी नाही. म्हणून अंदाजाने भाग बदलण्याऐवजी दोष कोणत्या टप्प्यात आहे ते आधी ठरवावं लागतं. एका सभागृहाचं उदाहरण घेऊन ते सविस्तर सांगतो.

मांडणी अगदी नेहमीची होती. पोडियमवर संगणक, तिथून छोट्या एचडीएमआय केबलने ट्रान्समीटर, ट्रान्समीटरमधून पॅच कॉर्डने भिंतीतला नेटवर्क जॅक, तिथून कॅट-६ केबल उपकरणांच्या खोलीतल्या पॅच पॅनेलवर, पॅनेलवरून दुसरी केबल छतातल्या जॅकपर्यंत, पुन्हा पॅच कॉर्ड, रिसीव्हर आणि शेवटी प्रोजेक्टर. एक्स्टेंडर एचडीबेसटी या, चित्र एकाच नेटवर्क केबलवरून नेण्याच्या पद्धतीचा, छोट्या पल्ल्याचा, म्हणजे क्लास बी. प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन १९२० बाय १२००. जुना संगणक असताना क्वचित चित्र जायचं. नवा संगणक बसवल्यावर ते रोजचं झालं. सगळ्यांचा संशय साहजिकच नव्या संगणकावर होता.

आधी दिवे बघा

एचडीबेसटीच्या दोन्ही डब्यांवर बहुधा दोन वेगळे दिवे असतात. एक दोन डब्यांमधला दुवा जुळलाय का ते सांगतो, दुसरा चित्र किंवा एचडीसीपी, म्हणजे चित्राची नक्कल रोखणारी पद्धत, चालू आहे का ते. पडदा काळा झाला त्या क्षणी यातला कोणता दिवा गेला, या एका गोष्टीवरून निम्मं काम होतं. दुव्याचा दिवा विझला किंवा लुकलुकला, तर दोन डब्यांमध्ये जे काही आहे त्यात दोष आहे, म्हणजे केबल, जॅक, पॅच कॉर्ड, आजूबाजूचा विजेचा उपद्रव. दुव्याचा दिवा स्थिर राहिला आणि फक्त चित्राचा गेला, तर नेटवर्क केबलला हात लावायचं कारण नाही. दोष एचडीएमआयच्या बाजूला आहे, म्हणजे संगणक आणि ट्रान्समीटरमधली छोटी केबल, रिसीव्हर आणि प्रोजेक्टरमधली छोटी केबल, किंवा एचडीसीपीची देवाणघेवाण.

अडचण एवढीच की रिसीव्हर छताजवळ असतो आणि काळोख दोन सेकंदांचा. शिडीवर चढून वाट बघत बसण्यापेक्षा मोबाइल रिसीव्हरसमोर टेकवून व्हिडिओ रेकॉर्डिंग लावून ठेवावं. दुसरा मोबाइल ट्रान्समीटरसमोर ठेवावा. चित्र गेल्याची वेळ खाली टिपून ठेवायची आणि नंतर दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये तीच वेळ पाहायची. या सभागृहात दोन्ही टोकांचा दुव्याचा दिवा एकाच क्षणी विझला होता. तिथेच संगणकावरचा थेट संशय कमी झाला. पण पूर्ण गेला नाही, त्याचं कारण पुढे येईल.

फक्त सिनेमा किंवा पैसे भरून बघायची सेवा लावल्यावरच चित्र जात असेल आणि साध्या डेस्कटॉपवर कधीच जात नसेल, तर आधी एचडीसीपीकडे बघा. एचडीसीपीच्या जुन्या, १.x आवृत्तीत दोन्ही टोकं दर १२८ फ्रेमनंतर एक आकडा जुळवून बघतात. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर ही पडताळणी साधारण दर दोन सेकंदांनी होते. आकडा जुळला नाही की संरक्षित चित्र थांबतं आणि ओळखपरेड पुन्हा सुरू होते. पडद्यावर मुंग्या दिसणं हीसुद्धा बहुतेकदा याचीच खूण असते.

केबलला दोष देण्याआधी तिला बाजूला काढा

दुवा तुटतोय हे कळल्यावर दुसरी चाचणी सोपी आहे. दोन्ही डबे एका टेबलावर आणायचे आणि दोन मीटरच्या चांगल्या पॅच कॉर्डने जोडायचे. संगणक तोच, शक्य असेल तर प्रोजेक्टरही तोच, नाहीतर दुसरा एखादा डिस्प्ले. इथेही चित्र गेलं तर डबा किंवा त्याचा वीजपुरवठा खराब आहे. इथे तासभर काही झालं नाही, तर केबलचा मार्ग तपासायला घ्या. या प्रकरणात टेबलावर एकदाही चित्र गेलं नाही.

इथे नेटवर्कची कामं करणारी माणसं हटकून सांगतात, ‘केबल चांगली आहे, टेस्टरवर आठही दिवे लागतात, लॅपटॉप लावला तर गिगाबिट मिळतं.’ ते खरंच सांगतात, पण त्यावरून व्हिडिओबद्दल काही सिद्ध होत नाही. दिवे लावणारा साधा टेस्टर फक्त तारा योग्य क्रमाने जोडल्यात का एवढंच बघतो. गिगाबिट इथरनेट प्रत्येक जोडीवर सेकंदाला १२.५ कोटी चिन्हं पाठवतं आणि त्यासाठी विजेच्या दाबाच्या पाच पातळ्या वापरतं. एचडीबेसटी सेकंदाला ५० कोटी चिन्हं पाठवतं आणि पातळ्या सोळापर्यंत. म्हणजे वेग चौपट आणि दोन पातळ्यांमधलं अंतर कितीतरी कमी. जेवढ्या गोंधळात इथरनेटला काही फरक पडत नाही, तेवढ्यात इथे सोळापैकी कोणती पातळी आली हेच रिसीव्हरला ओळखता येत नाही. शिवाय इथरनेटवर हरवलेला डेटा पुन्हा मागवता येतो आणि फाइल जरा उशिरा उतरली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. चालू चित्रात हरवलेली फ्रेम पुन्हा मागवायला वेळच नसतो.

याच कारणामुळे खराबी हळूहळू दिसत नाही. जुन्या ॲनालॉग जोडणीत चित्र आधी फिकट व्हायचं, सावल्या पडायच्या, काहीतरी बिघडतंय हे डोळ्यांना कळायचं. इथे शेवटपर्यंत चित्र लख्ख असतं आणि मग एकदम नसतं. काठावर चाललेली जोडणी आणि उत्तम जोडणी पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात.

मापं घ्या: लांबी आणि रोध

आराखड्यावर पोडियम ते प्रोजेक्टर अंतर ३८ मीटर लिहिलं होतं. ते सरळ रेषेतलं अंतर होतं. केबल तशी जात नाही. ती भिंतीत वर चढते, छतातून वळसा घेते, पॅनेलपर्यंत उतरते, पुन्हा चढते. खरी लांबी काढायचा सगळ्यात सोपा मार्ग केबलच्या आवरणावरच असतो. बहुतेक चांगल्या केबलवर दर मीटरला चढता आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांवरचा आकडा वाचून वजाबाकी केली की झालं. तुकडे दोन असतील तर दोन्हींचे वाचायचे. इथे दोन्ही मिळून ५६ मीटर निघाले. त्यात प्रोजेक्टरच्या वर छतात गुंडाळून ठेवलेलं जास्तीचं वेटोळंही होतं.

दुसरं माप रोधाचं. त्याला साधा मल्टीमीटर पुरतो. आधी दोन्ही डबे केबलपासून सोडवा, कारण बरेच एक्स्टेंडर याच केबलवरून वीजही पाठवतात. मग एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडायच्या आणि दुसऱ्या टोकाला त्याच जोडीवर ओहम मोजायचे. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करायचा. तांब्याची २३ गेजची तार मीटरला सुमारे ०.०६७ ओहम दाखवते, २४ गेजची सुमारे ०.०८४. जाऊन-येऊन लांबी दुप्पट, म्हणजे ५६ मीटर केबलसाठी ११२ मीटर तार. २३ गेज असेल तर साधारण साडेसात ओहम यायला हवेत, २४ गेज असेल तर साडेनऊच्या आसपास.

आकडा याच्या दीडपट आला, तर केबल तांब्याची नाही. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बाजारात भरपूर मिळते आणि तिच्या आवरणावरही कॅट-६ छापलेलं असतं. खात्री करायची तर तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आतून पांढरट चकाकी दिसली की समजायचं. अशी केबल लांब व्हिडिओ जोडणीसाठी ठेवू नये. सिग्नल तर जास्त क्षीण होतोच, पण रिसीव्हरला याच केबलमधून वीज मिळत असेल तर त्याच्यापर्यंत दाबही कमी पोचतो. वाकल्यावर तार तुटते ते वेगळंच.

या सभागृहात तीन जोड्यांनी ७.७ ते ७.९ ओहम दाखवले. म्हणजे केबल अस्सल तांब्याची होती. चौथ्या, तपकिरी जोडीवर मात्र ९.४ ओहम आले, आणि भिंतीतल्या जॅकमध्ये घातलेली कॉर्ड जरा हलवली की आकडा नाचायला लागायचा. एकाच केबलमधल्या चार जोड्यांचे पीळ वेगवेगळे असल्याने त्यांचा रोध थोडा मागेपुढे असतो, पण दीड ओहमचा फरक आणि त्यात अस्थिरता म्हणजे टोकाची जोडणी सैल. जॅक उघडल्यावर दिसलं की तपकिरी तार खाचेत पूर्ण बसलीच नव्हती, आणि चारही जोड्यांचा पीळ दोन इंचांहून जास्त उलगडलेला होता. पीळ टोकाजवळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. उलगडलेल्या भागात एका जोडीचा सिग्नल शेजारच्या जोडीत उतरतो. गिगाबिटने ते निभावून नेलं होतं, एचडीबेसटीला ते जमत नव्हतं.

गिगाबिट ही सैल तार असताना कसं चाललं, असा प्रश्न पडेल. तार तुटलेली नव्हती, टेकलेली होती. एसी सुरू झाला, माणसं चालली, टेबल सरकलं की कॉर्डला धक्का बसायचा. सभागृह भरलं की चित्र जातं या तक्रारीचा उलगडा यात झाला.

जॅक नव्याने पंच केला. त्याच वेळी पॅच पॅनेल मार्गातून काढून दोन केबल सरळ एका जोडणीत आणल्या आणि छतातलं वेटोळं कापून काढलं. दोन्ही टोकांच्या पातळ, चपट्या पॅच कॉर्ड बदलून छोट्या आणि जाड तारेच्या लावल्या. बारीक तारांच्या लवचिक कॉर्डमध्ये प्रतिमीटर सिग्नल एकजिनसी तारेपेक्षा जास्त क्षीण होतो, त्यामुळे अशा पाच मीटरच्या दोन कॉर्ड हिशेबात दहा मीटरपेक्षा जास्त पडतात. लांबी आता ४९ मीटर झाली. वेटोळं ठेवायचंच असेल तर सैल आणि मोठं ठेवा. घट्ट गुंडाळलेल्या केबलमध्ये शेजारचे फेरे एकमेकांत सिग्नल सांडतात. अनेक एक्स्टेंडरच्या केबल एकाच जुडीत घट्ट बांधल्या तरी हेच होतं.

दोष कमी झाला, गेला नाही

यानंतर चित्र जाण्याचं प्रमाण खूप उतरलं, पण थांबलं नाही. बहुतेकांचं काम इथे थांबतं आणि महिनाभराने तक्रार परत येते. जुना संगणक जोडून पाहिला तर दिवसभरात एकदाही चित्र गेलं नाही. नव्यावर अजूनही जायचं. मग नवा नक्की काय पाठवतोय ते बघणं भाग होतं.

प्रोजेक्टरच्या माहितीच्या मेन्यूत येणाऱ्या सिग्नलचं रिझोल्यूशन दिसतं. तिथे ३८४० बाय २१६०, ३० हर्ट्झ लिहिलेलं होतं. पॅनेल १९२० बाय १२०० चं, तरी हा प्रोजेक्टर ४के सिग्नल घेऊन आतल्या आत लहान करून दाखवत होता, म्हणून पडद्याकडे बघून कोणाला संशय आला नाही. एक खूण मात्र समोरच होती. माउसचा बाण पडद्यावर अडखळत सरकत होता. सेकंदाला ३० फ्रेम असल्या की असंच दिसतं.

आता आकडे बघा. १०८०पी ६० हर्ट्झला पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवायचा वेग, १४८.५ मेगाहर्ट्झ लागतो. ४के ३० हर्ट्झला २९७, म्हणजे बरोबर दुप्पट. क्लास बीच्या एक्स्टेंडरवर ‘७० मीटर’ मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण तो पल्ला १०८०पीचा आहे. ४केसाठी याच डब्यांचा पल्ला ४० मीटर धरतात आणि तोही सरळ, जोडविरहित, चांगल्या केबलवर. इथे केबल ४९ मीटर होती. जुन्या संगणकाची ग्राफिक्स १०८०पीच्या वर जातच नव्हती, म्हणून तो सत्तरच्या मर्यादेत आरामात बसत होता. नवा संगणक तीच केबल तिच्या मर्यादेबाहेर चालवत होता. संगणक बदलल्यावर दोष वाढला हे लोकांचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त बिघाड संगणकात नव्हता.

नवा संगणक ४के का पाठवत होता? डिस्प्ले आपल्याला काय काय चालतं याची एक छोटी यादी संगणकाला देतो, तिला ईडीआयडी म्हणतात. ट्रान्समीटरमध्ये ही यादी साठवलेली असते, आणि छोट्या स्विचने ठरवता येतं की प्रोजेक्टरची खरी यादी पुढे द्यायची की डब्यातली तयार. इथे स्विच कारखान्यातून आला तसाच होता आणि डब्यातली तयार यादी ४केला पहिली पसंती देत होती. स्विच १०८०पी, दोन चॅनल आवाज या जागी नेला. संगणकाने लगेच १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ पकडलं आणि बाणही सुरळीत सरकायला लागला. प्रोजेक्टरला ४केचा काही उपयोग नव्हताच, त्यामुळे चित्रात काही गमावलं नाही.

स्विच नसेल, तर संगणकावरून रिझोल्यूशन बांधता येतं. लिनक्सवर आधी कोणती जोडणी आणि कोणती मोड चालू आहे ते बघा, मग बदला. जोडणीचं नाव तुमच्याकडे वेगळं असू शकतं, पहिल्या आदेशाच्या उत्तरात दिसेल ते वापरा.

```
xrandr
xrandr --output HDMI-1 --mode 1920x1080 --rate 60
```

विंडोजवर प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रत्यक्ष जाणारा सिग्नल वेगळा दाखवतात. डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि तारेवरचा सिग्नल हे एकच असतील असं गृहीत धरू नका. डेस्कटॉप १०८०पीचा आणि तारेवर ४के, असं चित्र बऱ्याच वेळा दिसतं. तरीही माझं मत असं, की हे बंधन ट्रान्समीटरमध्येच घालावं. पोडियमवर उद्या दुसऱ्या कोणाचा तरी लॅपटॉप येणार आणि त्याच्या सेटिंगवर तुमचा ताबा नसणार.

हीच युक्ती निदानासाठीही चांगली आहे. चित्र जात असेल तर रिझोल्यूशन ७२०पीवर उतरवून बघा. क्लॉक १४८.५ वरून ७४.२५ होतो. तेवढ्याने दोष नाहीसा झाला तर जोडणीत ताकद कमी पडतेय हे नक्की, आणि लांबी, जोड, कॉर्ड यांतलं काहीतरी कमी करायचं आहे. ७२०पीवरही चित्र तसंच जात असेल तर सैल तार, बाहेरचा उपद्रव किंवा वीजपुरवठा बघा. पडद्याची मोटर किंवा दिव्यांचा स्विच चालवला की नेमकं त्याच क्षणी चित्र जात असेल, तर केबल विजेच्या तारांपासून दूर न्या, आणि ते शक्य नसेल तर दोन्ही टोकांना कवच नीट जोडलेली शील्डेड केबल वापरा.

साधे बॅलन आणि त्यांची मर्यादा

वीज न लागणारे, दोन नेटवर्क केबल घेणारे छोटे बॅलन अजूनही अनेक ठिकाणी लावलेले दिसतात. त्यांची गोष्ट वेगळी आहे. एचडीबेसटी सिग्नल नव्या रूपात बांधून पाठवतं, साधे बॅलन मात्र एचडीएमआयचा सिग्नल आहे तसाच केबलवर उतरवतात. एका केबलवर तीन रंगांच्या जोड्या आणि क्लॉकची जोडी, दुसरीवर ईडीआयडी आणि इतर बारीक गोष्टी. लोक पहिल्या केबलची काळजी करतात, पण बरेचदा आधी हार मानते ती दुसरी.

ईडीआयडीच्या तारांवर एचडीएमआय केबलला ७०० पिकोफॅरडपर्यंतच धारिता परवडते. नेटवर्क केबलची जोडी मीटरला साधारण ५० पिकोफॅरड देते. भागाकार केला तर १४ मीटर. त्यापुढे यादी वाचता येईलच याची खात्री नाही. अशा वेळी चित्र मध्येच जात नाही, ते सुरूच होत नाही, किंवा संगणक यादी न मिळाल्याने १०२४ बाय ७६८ सारखं काहीतरी पकडून बसतो. पडद्यावर पांढरे ठिपके चमकत असतील तर मात्र पहिली केबल कमी पडतेय. पंधरा मीटरच्या पुढे या बॅलनवर वेळ घालवू नये, असं मी स्पष्ट सांगेन. दोन केबल आधीच ओढलेल्या असतील तर त्यातल्या एकीवर एचडीबेसटी लावता येतं आणि दुसरी राखीव राहते.

एक धोका सगळ्यांनी लक्षात ठेवावा. एचडीबेसटीची जोडणी दिसायला नेटवर्कसारखी असली तरी ती नेटवर्क नाही. ती स्विचमधून जात नाही, आणि एक्स्टेंडरचं टोक चुकून वीज देणाऱ्या नेटवर्क स्विचला किंवा वीज देणारा ट्रान्समीटर साध्या स्विचला जोडला, तर उपकरण जळू शकतं. म्हणून पॅच पॅनेलवरचे ते जॅक वेगळ्या रंगाचे ठेवा आणि वर ‘व्हिडिओ, स्विचला जोडू नये’ असं लिहा. स्विचमधूनच व्हिडिओ न्यायचा असेल तर आयपीवर चालणारे एन्कोडर-डीकोडर घ्यावे लागतात. त्यात बहुतेक वेळा चित्र दाबलं जातं आणि ते थोडं उशिरा पोचतं.

शेवटी अंतराचा प्रश्न. चांगल्या तांब्याच्या केबलवर १०८०पीसाठी क्लास बी ७० मीटर, क्लास ए १०० मीटर. ४के हवंच असेल आणि केबल चाळीसच्या पुढे जात असेल, तर क्लास ए आणि कॅट-६ए शील्डेड केबल, मधे एकही जोड नाही. ४के ६० हर्ट्झ पूर्ण रंगासह हवं असेल तर एचडीएमआयवर १७.८२ गिगाबिट जातात आणि एचडीबेसटीच्या पहिल्या दोन पिढ्यांना ते न दाबता नेता येत नाही, त्यासाठी तिसऱ्या पिढीचे डबे लागतात. शंभर मीटर ओलांडत असेल तर तांब्यावर अडून राहू नका, फायबर ओढा. आणि केबल ओढण्याआधी आराखड्यावरचं अंतर धरू नका. भिंतीतल्या चढ-उतारांसह मार्ग मोजा आणि निघेल त्या लांबीवर डबे निवडा.